रेघांमधली मोकळी जागा

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्याला जुने गोंदण पाहायला लांब जावे लागत नाही. मुलुंडच्या भाजीबाजारात शेजारी उभ्या असलेल्या कच्छी आजींच्या मनगटावर हिरवट ठिपक्यांची त्राजवां दिसतात. घाटकोपरला एखाद्या मावशींच्या हनुवटीवर ठिपके असतात आणि हातावर तुळशीवृंदावन. अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षाच्या हँडलवर टेकलेल्या हातावर ‘आई’ वाचता येते, तर बोरिवलीच्या लोकलमध्ये कॉलेजच्या मुलीच्या खांद्यावर केसाइतक्या बारीक रेघांचे पक्षी उडत असतात. कोणी जत्रेत गोंदवून घेतलेले असते, कोणी स्टुडिओत. पण यांतली एकही रेघ पहिल्या दिवशी होती तशी राहिलेली नाही.

असे बदललेले गोंदण घेऊन माणूस आमच्याकडे येतो तो बहुधा फोनवरच्या फोटोतून. रात्री जेवणानंतर एक फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, ‘दादा, हे परत गडद होईल का, की कव्हर-अपच करावे लागेल?’ प्रश्न रास्त आहे आणि फोटोवरून त्याचे बरेचसे उत्तर देताही येते. मात्र त्यासाठी काय पाहायचे हे आधी ठरवावे लागते. पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच रेघेकडे जाते: ती किती फिकी झाली, किती जाड झाली. वाचकांनी या पुस्तिकेतून एकच सवय उचलली तरी पुरे. रेघ पाहून झाली की दोन रेघांमधली मोकळी जागा पाहावी, कारण टच-अप होणार की कव्हर-अप, हे बहुतेक वेळा तीच ठरवते.

याचे कारण कातडीच्या आत आहे. सुईने सोडलेली शाई वरच्या पापुद्र्यात राहत नाही. तो पापुद्रा सतत झडत असतो. ती त्याखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण परके समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेय येथील संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. म्हणजे गोंदण टिकते ते या हातोहात देवाणघेवाणीमुळे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या व्यवहारात काही कण किंचित बाजूला सरकतात आणि काही लसीकावाहिन्यांतून दूर निघून जातात. जे निघून गेले त्यांच्यामुळे रेघ फिकी होते; जे बाजूला सरकले त्यांच्यामुळे ती रुंद होते.

स्वस्त वहीच्या कागदावर शाई फुटते, तसाच हा प्रकार आहे. फक्त इथे त्याला दहा-वीस वर्षे लागतात. रेघ रुंद होते तेव्हा ती दोन्ही बाजूंनी मधल्या जागेत शिरते. ‘व’चे पोट, ‘ठ’चा गोल, मात्रा आणि शिरोरेषा यांतली फट, सगळे आतून भरत येते. फिक्या रेघेत शाई पुन्हा भरता येते, पण भरलेल्या पोकळीतून शाई सुईने परत काढता येत नाही. टच-अप म्हणजे नेहमीच भर घालणे, आणि भर घालून पोकळी मोकळी होत नाही.

आता फिके पडणे आणि फुटणे या दोन गोष्टी वेगळ्या करू. फोटोत त्या एकमेकींत मिसळून दिसतात आणि नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. फिके पडणे म्हणजे रंग कमी झाला, पण रेघेची कड जागेवर आहे. सगळे गोंदण सारखेच फिके असेल तर ते वयाचे किंवा उन्हाचे काम. एखादाच तुकडा फिका असेल तर बहुधा मुळात तिथे सुई उथळ गेली होती किंवा खपली अवेळी निघाली होती. या दोन्ही प्रकारांत टच-अप चांगला बसतो. उन्हाबद्दल एक बारकावा लक्षात ठेवावा. रंगीत शाईतली अनेक रंगद्रव्ये उन्हाने खरोखर विघटित होतात, पण काळ्या शाईतला कार्बन उन्हाला सहसा दाद देत नाही. बदलतो तो त्यावरचा पडदा. आपल्या सावळ्या कातडीतला रंग शाईच्या वरच्या बाजूला असतो आणि उन्हाळ्यात तो आणखी गडद होतो. दिवसभर रिक्षा चालवणाऱ्याचे गोंदण मे महिन्यात विटलेले वाटते ते बरेचदा यामुळे. अशा वेळी लगेच सुई लावण्याऐवजी पावसाळा उलटल्यावर दुसरा फोटो मागवावा.

जुने काळे गोंदण हिरवट-निळसर का दिसते, याचेही उत्तर याच पडद्यात आहे. काजळीने गोंदलेल्या आजींच्या ठिपक्यांत हिरवा रंग कधीच नव्हता. कातडीतून आत गेलेल्या उजेडातले तांबडे किरण खोलवर जातात आणि काळी शाई ते शोषून घेते. निळसर किरण वरच्या वरच विखुरतात आणि आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतात. शाई जितकी खोल आणि विरळ, तितकी ही निळसर झाक जास्त. म्हणून फोटोत रेघेच्या कडेला निळसर धूर दिसला तर ती खोलीची खूण समजावी.

या खुणेवरून फुटण्याचेही दोन प्रकार ओळखता येतात. वयाने फुटलेली रेघ दोन्ही बाजूंना सारखीच पसरते आणि सगळ्या गोंदणात साधारण तेवढीच पसरलेली असते. दुसरा प्रकार म्हणजे ब्लोआउट. गोंदताना सुई जास्त खोल किंवा तिरकी गेल्यामुळे शाई खालच्या चरबीच्या थरात सुटलेली असते. हा डाग बहुधा एकाच बाजूला, निळसर आणि धुरकट असतो. मनगटाची आतली बाजू, कोपराची घडी, घोटा अशा पातळ कातडीच्या जागी तो जास्त सापडतो आणि गोंदल्यावर थोड्याच दिवसांत दिसू लागतो. फरक निश्चित करायचा असेल तर जुना फोटो मागावा. लग्नाचा अल्बम, सहलीचा फोटो, गोंदण झाल्यावर महिन्याभरात काढलेले काहीही चालेल. डाग तेव्हाही तेवढाच असेल तर तो ब्लोआउट. तो आता फारसा वाढणार नाही, पण टच-अपने जाणारही नाही.

हे सगळे फोटोत दिसायचे तर फोटो तसा काढलेला हवा. तुम्ही स्वतःचा काढणार असाल तर दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी काढा. ट्यूबलाइट आणि फ्लॅश दोन्ही टाळा. आपल्या दमट हवेत हातावर घाम असतोच, त्यामुळे हात कोरडा पुसून घ्या. तेल किंवा क्रीम लावू नका, कारण चकाकीत रेघ हरवते. फोनमधला ब्युटी मोड बंद करा. तो कातडी गुळगुळीत करताना रेघेच्या कडाही विरघळवतो. हात टेबलावर सैल ठेवा, कातडी ताणू नका. फोन एक-दीड फूट दूर ठेवून झूम थोडा वाढवा. अगदी जवळून काढला तर मधला भाग फुगतो. गोंदणाशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा, म्हणजे रंगाची झाक ओळखता येते, आणि दहा रुपयांचे एक नाणे ठेवा. पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तो दाबला जातो, आणि सर्वात आधी बारीक कडा जातात.

असा फोटो हाती आला की पहिली तपासणी गोंदणाची नसते, त्याच्या शेजारच्या केसांची असते. हातावरची लव आणि कातडीच्या बारीक सुरकुत्या स्पष्ट दिसत आहेत का? त्या स्पष्ट असूनही रेघ धूसर असेल तर धूसरपणा कातडीतला आहे. केसही धूसर असतील तर दोष कॅमेऱ्याचा, आणि त्या फोटोवरून रेघेबद्दल काहीच बोलू नये. अनेक गोंदणांना विनाकारण कव्हर-अपची शिक्षा झाली आहे ती ही साधी तपासणी न केल्यामुळे.

मग मोजमाप. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. फोटोत नाण्याची रुंदी किती पिक्सेल भरते ते कोणत्याही साध्या फोटो-अॅपमध्ये मोजता येते. त्या आकड्याला 27 ने भागले की एका मिलिमीटरला किती पिक्सेल ते कळते. हात गोल असतो, त्यामुळे कडेला गेलेल्या रेघा प्रत्यक्षापेक्षा अरुंद दिसतात. भरवसा ठेवावा तो नाण्याच्या पातळीत असलेल्या मधल्या भागावर.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. घाटकोपरच्या एका तरुणाने वडिलांच्या हाताचा फोटो पाठवला होता. वडील नेमाने वारीला जाणारे. वीसेक वर्षांपूर्वी आषाढीला पंढरपुरात त्यांनी हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून थोडे वर, ‘विठ्ठल’ गोंदवून घेतले होते. ‘ठ्ठ’ जुन्या पद्धतीचा, एकाखाली एक दोन गोलांचा. मुलाने लिहिले होते, ‘आता नुसता काळा डाग झालाय, बाबांना वाचता येईल असं करून द्या.’ फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला होता. तो पाहून मलाही प्रथम डागच वाटला, पण हातावरचे केस एकही दिसत नव्हते. म्हणून वर सांगितल्याप्रमाणे दुसरा फोटो मागवला.

दुसऱ्या फोटोत केस स्वच्छ होते आणि नाणे 540 पिक्सेल भरत होते, म्हणजे एका मिलिमीटरला 20 पिक्सेल. शब्दाची लांबी 1080 पिक्सेल, म्हणजे 54 मिलिमीटर, बरोबर दोन नाण्यांएवढी. रेघांची रुंदी 36 पिक्सेलच्या आसपास, म्हणजे 1.8 मिलिमीटर. आता मोकळ्या जागा. ‘व’च्या पोटात 30 पिक्सेल, म्हणजे दीड मिलिमीटर. वरच्या ‘ठ’च्या गोलात 24, म्हणजे 1.2 मिलिमीटर. खालच्या ‘ठ’च्या गोलात मात्र जेमतेम 8 पिक्सेल, 0.4 मिलिमीटर, तीही राखाडी. शिरोरेषा मध्येच दोन ठिकाणी फिकी होती. आणि पहिल्या वेलांटीच्या मनगटाकडच्या बाजूला दीड मिलिमीटरभर निळसर धूर होता, फक्त त्या एकाच बाजूला.

इथे माझा ठोकताळा असा आहे. मोकळी जागा शेजारच्या रेघेच्या निम्म्याहून जास्त असेल तर ती जिवंत समजावी; निम्म्याहून कमी असेल तर मिटलेली समजावी, कारण नवी रेघही पुढच्या काही वर्षांत थोडी फुटणारच. या हिशेबाने ‘व’ आणि वरचा ‘ठ’ जिवंत होते आणि खालचा ‘ठ’ मिटला होता. वेलांटीचा धूर जुन्या फोटोतही होता का, हे विचारले. मुलाने कपाटातून त्याच वर्षीचा एका बारशाचा फोटो काढून पाठवला. धूर तेव्हाही होता. म्हणजे ब्लोआउट.

एका शब्दाला तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. शिरोरेषेच्या फिक्या जागा, ‘व’ आणि ‘ल’ यांना टच-अप चालणार होता, तोही जुन्या रेघेच्या मधोमध बारीक सुईने, कडेला हात न लावता. कडेवरून सुई फिरवली असती तर रेघ सव्वादोन-अडीच मिलिमीटरची होऊन ‘व’चे पोटही मिटले असते. खालच्या ‘ठ’वर सुईचा उपाय नव्हता, तिथे आधी लेझरने शाई विरळ करणे भाग होते. लेझर शाईचे कण फोडतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. सावळ्या कातडीवरच्या काळ्या शाईसाठी सहसा 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर निवडतात, कारण कातडीचा स्वतःचा रंग ती तरंगलांबी तुलनेने कमी शोषतो आणि पांढरे किंवा काळे डाग पडण्याचा धोका घटतो. हे काम त्वचारोगतज्ज्ञांचे, स्टुडिओचे नव्हे. वडिलांनी दोन महिन्यांच्या अंतराने दोन वेळा तेवढ्याच जागेवर लेझर घेतला, मग आणखी तीन महिने थांबले. त्याच खिडकीत, तेच नाणे ठेवून तिसरा फोटो काढला. गोलाचा मधला भाग कातडीच्या रंगाचा झाला नव्हता, पण फिकट राखाडी झाला होता आणि भोवतालच्या गडद रेघेपुढे मोकळा वाचता येत होता. एवढे पुरेसे होते.

राहिला वेलांटीचा धूर. इथे कव्हर-अपचा नियम कामी आला, आणि तो वाचकांनी नीट समजून घ्यावा. गोंदणावर गोंदण म्हणजे भिंतीवर रंगाचा दुसरा हात नव्हे. नवी शाई जुनीच्या वर न बसता त्याच थरात, तिच्या शेजारी बसते, आणि डोळ्यांना दोन्ही मिळून दिसतात. म्हणून गडद रेघेवर फिका रंग चालत नाही, आणि पांढरा तर नाहीच. झाकणारा भाग झाकल्या जाणाऱ्या भागाइतका तरी गडद हवा. हे फोटोवरच पडताळता येते: फोटो कृष्णधवल करा आणि नवे चित्र त्यावर ठेवून पाहा. जुन्याचा सर्वात काळा भाग नव्याच्या गडद भागाखाली गेला तर चित्र चालेल. फिक्या भागाखाली आला तर तो वर डोकावणारच. दुसरे असे की सपाट काळा ठोकळा डोळ्याला लगेच सांगतो की इथे काहीतरी लपवले आहे. पाने, पिसे, खवले अशा पोताच्या आकृतीत जुनी रेघ पोताचाच भाग होऊन जाते. पूर्ण गोंदण झाकायचे असेल तर नवे चित्र बहुधा जुन्याच्या दुप्पट-तिप्पट होते, आणि हे माणसाला आधीच सांगावे. इथे झाकायचा होता तो फक्त दीड मिलिमीटरचा धूर, आणि तो गडद नव्हता. वेलांटीच्या बाहेरून तुळशीची तीन पाने आणि एक मंजिरी आली. पानांची छाया धुराच्या जागी पडली आणि नाव तसेच राहिले.

फोटोची मर्यादाही इथेच सांगून ठेवतो. रेघ कातडीतून वर आली आहे का, तिथे व्रण आहे का, हे समोरून काढलेला फोटो सांगत नाही. त्यासाठी एक फोटो बाजूने तिरपा उजेड घेऊन काढावा, म्हणजे उंचवट्याची सावली दिसते. तरीही शेवटचा निर्णय बोटाने चाचपूनच घ्यावा. व्रणाच्या जागी शाई एकसारखी बसत नाही, आणि ज्यांच्या कातडीला जाड व्रण येण्याची सवय आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गोंदणात किंवा शेजारी बदलणारा तीळ, खाज किंवा सूज दिसली तर गोंदणाचा बेत बाजूला ठेवून थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. फोटोवरून दिलेले कोणतेही उत्तर प्रत्यक्ष हात पाहीपर्यंत कच्चेच असते, आणि तसे ते सांगावे.

या पुस्तिकेची पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी फोटो, मग केसांची तपासणी, मग मोजमाप, मग निर्णय. वाचकांनी ती नुसती वाचू नयेत. घरात कोणाच्या हातावर जुने गोंदण असेल तर त्यांच्या परवानगीने उद्या सकाळी खिडकीत बसून शेजारी दहाचे नाणे ठेवून एक फोटो काढावा आणि त्यातल्या मोकळ्या जागा मोजाव्यात. निर्णयाची घाई करू नये. फिकी रेघ थांबायला तयार असते. भरलेली पोकळी मात्र सुईने परत मिळत नाही.